तेरा टक्क्यांच्या मागचा कागद

घरून काम बरं की ऑफिसातून, हा वाद ऐकताना मला लग्नानंतर वेगळं राहावं की एकत्र, या वादाची आठवण येते. सगळे तावातावाने बोलतात आणि प्रत्येक जण फक्त स्वतःच्या घराबद्दल बोलत असतो. मालक मंडळी सांगतात, घरी माणूस सैलावतो, दुपारी झोपतो. नोकरदार सांगतात, हिंजवडीला जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर जातात, त्यांचं काय? मग कुणीतरी हुकमाचं पान टाकल्यासारखा तो आकडा टाकतं: घरून काम केल्याने उत्पादकता १३ टक्क्यांनी वाढते, स्टॅनफर्डच्या संशोधकांनीच दाखवून दिलंय. एवढं झालं की वाद संपतो, म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या मतावर ठाम होऊन उठतात.

तो आकडा खरा आहे. पण तो कसा आला हे कुणी सांगत नाही. २०१० च्या डिसेंबरात शांघायमध्ये सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि नऊ महिने चालला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. भाग घ्यायला तीन अटी होत्या: नोकरीत किमान सहा महिने झालेले असावेत, घरी ब्रॉडबँड असावं आणि काम करायला स्वतंत्र खोली असावी. या अटींत बसणाऱ्यांपैकी कोण घरी जाणार हे वाढदिवसाच्या तारखेवरून ठरलं, सम तारखेवाले घरी आणि विषम तारखेवाले ऑफिसात. घरी जाणारे आठवड्यातले चार दिवस घरून काम करत, पाचव्या दिवशी ऑफिसात येत. यंत्रणा तीच, पाळी तीच, वरिष्ठही तेच. त्या १३ टक्क्यांपैकी सुमारे ९ टक्के आले ते लोक पाळीत जास्त मिनिटं कामावर बसले म्हणून, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले दर मिनिटाला जास्त फोन घेता आले म्हणून, कारण घरी शांतता होती. आणि ज्याचा उल्लेख कुणीच करत नाही असा भाग पुढे आहे. प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा दिली, तेव्हा घरी बसणाऱ्यांपैकी निम्मे लोक आपणहून ऑफिसात परतले. घरून काम करणाऱ्यांना त्यांच्या कामगिरीच्या मानाने बढत्याही कमी मिळाल्या.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. ते १३ टक्के घराने दिलेले नाहीत, ते त्या अटींनी दिलेले आहेत. म्हणजेच एका धोरणाने, कागदावर आधी लिहिलेल्या नियमांनी. ऑफिसची इमारत कितीतरी कामं फुकट करत असते. दार बंद झालं की कामाची वेळ संपते. कपाटाला कुलूप असतं म्हणून कागद बाहेर जात नाहीत. शेजारच्या टेबलावरचा माणूस नव्याला बघून बघून शिकवतो. वीज गेली तर जनरेटर कंपनीचा असतो. माणूस घरी गेला की ही सगळी कामं कुणीतरी करायला लागतात आणि त्यांचा खर्च कुणीतरी उचलायला लागतो. तो कुणी उचलायचा, हे ठरवणं म्हणजे घरून कामाचं धोरण लिहिणं. आपल्याकडे ते ठरवलं जात नाही, नुसतं कर्मचाऱ्याच्या अंगावर ढकललं जातं आणि खाली सही घेतली जाते.

हे मी हवेत बोलत नाही. पंधरा वर्षं पगारपत्रकं आणि कामगार कायदे याच कामात काढली आहेत. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने मला बोलावलं. अडतीस माणसांची कंपनी, वीसेक लहान कारखान्यांचे पगार काढून देण्याचं काम. म्हणजे रोज हाताखालून जाणारं काय? कामगारांची नावं, पॅन, आधार, बँक खात्यांचे क्रमांक, कुणाच्या पगारातून कोणत्या कर्जाचा हप्ता कापला जातो तेही. त्यांच्याकडे घरून कामाचं धोरण होतं, इंटरनेटवरून उतरवलेलं, अकरा पानी. त्यातलं सुरक्षिततेचं कलम मला अजून पाठ आहे. कंपनीच्या माहितीची गोपनीयता राखण्याची संपूर्ण जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील आणि कोणत्याही नुकसानीस तो वैयक्तिकरीत्या जबाबदार असेल.

घडलं ते असं. सांगलीला माहेरी राहून काम करणाऱ्या एका कर्मचारी बाईंना कंपनीने लॅपटॉप दिलेला नव्हता. त्या भावाच्या लॅपटॉपवर काम करत. लॅपटॉप हळू चालायला लागला म्हणून भावाने तो दुरुस्तीला टाकला, दुकानदाराने हार्ड डिस्क बदलून दिली आणि जुनी डिस्क दुकानातच राहिली. तिच्यावर दोन कारखान्यांच्या सहाशेहून जास्त कामगारांच्या पगाराच्या एक्सेल फायली होत्या. बाईंच्या हे लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. त्यांनी ऑफिसला कळवलं नवव्या दिवशी.

एवढे दिवस का? मी विचारलं तेव्हा त्यांनी त्या कलमाकडे बोट दाखवलं. वैयक्तिकरीत्या जबाबदार. सहाशे जणांच्या नुकसानीला आपण जबाबदार ठरलो तर, या भीतीने त्या आठवडाभर भावाला दुकानात पाठवत राहिल्या, डिस्क परत मिळते का ते बघायला.

आता हिशेब बघा. देशातल्या सायबर घटनांची नोंद घेणाऱ्या सर्ट-इन या संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात, की माहिती फुटल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवली पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो कायदा सांगलीच्या बाईंना विचारत नाही. ज्याने ही माहिती गोळा केली त्या कारखान्याला विचारतो, आणि काम दुसऱ्याकडे सोपवलं होतं ही सबब ऐकून घेत नाही. कारखाना मग करारपत्र काढून पुण्याच्या कंपनीकडे येणार. थोडक्यात, कायद्याला सहा तासांत बातमी हवी आहे आणि कंपनीचं स्वतःचं कलम ती बातमी आठवडाभर दाबून ठेवायला लावतं. जबाबदारी खाली ढकलल्याने कंपनी सुरक्षित झाली असं वाटत होतं. झालं एवढंच, की तिचे कान बंद झाले.

आम्ही ते कलम काढलं आणि जागी असं लिहिलं: यंत्र हरवलं, चोरीला गेलं, दुरुस्तीला गेलं, चुकीच्या पत्त्यावर मेल गेली, तर त्याच दिवशी या एका क्रमांकावर फोन करावा, त्याच दिवशी कळवणाऱ्यावर त्या चुकीबद्दल कारवाई होणार नाही, लपवल्यास होईल. मालक म्हणाले, म्हणजे बेफिकिरीला मोकळं रान. आक्षेप खोटा नाही. पण बेफिकीर माणूस महिन्यातून तीनदा फोन करेल आणि तेव्हा तो दिसेल. आता तो दिसतही नव्हता.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा असतो. लहान कंपनीला सगळ्यांना लॅपटॉप देणं परवडत नाही, लोकांकडे स्वतःचे असतातच, मग वापरू द्या की. हे मालक लबाड नव्हते, त्यांना खरंच असं वाटत होतं. आपल्याकडे या युक्तिवादाचा फार जुना भाऊ आहे, म्हणून थोडं थांबते. घरून काम ही काही कोरोनाने आणलेली गोष्ट नाही. सोलापुरात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरून काम करत आल्या, विड्या वळण्याचं. कारखानदार तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून देणार, बाई घरी विड्या वळून मोजून परत आणणार. पान खराब निघालं, कमी पडलं तर भर बाईने पदरचे पैसे घालून घालायची. वळलेल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या तर त्यांची मजुरी नाही. ती आमची कामगारच नाही, तिच्या घरात तिच्या वेळेला काम करते, असं म्हणायची सोय होतीच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ती सोय बंद केली. घरी वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली आणि कच्चा माल कमी देणं, विड्या नाकारणं यावरच्या तंट्यांसाठी दाद मागायची जागा कायद्यातच ठेवली गेली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. साधन कुणाचं, तूट कुणाची, हा प्रश्न तेव्हाच ओळखला गेला होता. लॅपटॉपवाल्यांना तो नवा वाटतो एवढंच.

आणि इथे साधनाचा प्रश्न सुरक्षिततेपासून वेगळा काढताच येत नाही. सांगलीच्या त्या डिस्कवरची माहिती कूटबद्ध असती तर दुकानदाराच्या हातात निरुपयोगी पत्रा उरला असता. पण घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा विंडोजची होम आवृत्ती असते आणि डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण सोय प्रो आवृत्तीत असते. समजा ती घालून दिली, तर अडचणीच्या वेळी डिस्क उघडायची ४८ आकड्यांची किल्ली कुणाकडे राहणार? कंपनीकडे ठेवली तर भावाच्या लॅपटॉपची किल्ली कंपनीकडे गेली. घरी ठेवली तर कंपनीच्या हाती काहीच नाही. फोनचंही तेच. हरवलेला फोन दुरून पुसून टाकायचा अधिकार धोरणात लिहून घेतात, मग एखाद्याच्या फोनवरून ऑफिसच्या मेलबरोबर मुलीच्या बारशाचे फोटोही जातात. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा वेगळा ठेवायची सोय आहे आणि तेवढाच पुसता येतो, पण हे धोरणात लिहावं लागतं. थोडक्यात, जे यंत्र तुमचं नाही त्याला तुम्ही कुलूप लावू शकत नाही आणि लावलं तर ते दुसऱ्याच्या घराला लावलेलं असतं.

खर्चाचा आकडा आम्ही कागदावर मांडला. घरून काम करणारे चौदा जण. कामापुरता लॅपटॉप अठ्ठेचाळीस हजारांचा धरला, आयुष्य चार वर्षं. माणशी महिन्याला हजार रुपये. त्यावर इंटरनेटचे महिना हजार. मालकांनी स्वतःच चौदा खुर्च्यांची जागा, भाडं आणि एसीचं बिल शेजारी लिहिलं आणि त्यावर पुढे बोलले नाहीत. नुकसानीची कपात मात्र त्यांना हवी होती. तिथे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेला नियम उपयोगी पडतो: दिलेल्या वस्तूच्या नुकसानीची कपात तेव्हाच, जेव्हा ते कर्मचाऱ्याच्या हयगयीने झालं असेल, आणि त्याला बाजू मांडायची संधी दिल्यानंतर. चोरी झाली आणि पोलिसांत तक्रार नोंदवली, तर कपात नाही. एवढं एक वाक्य.

पात्रतेवर मात्र मी सीट्रिपच्या अटी जशाच्या तशा उचलू दिल्या नाहीत. सहा महिन्यांची अट योग्यच आहे. नवा माणूस शेजारी बसून शिकतो, हा ऑफिसवाल्यांचा सगळ्यात खरा मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी कधी नव्या मुलाला पीएफचा पहिला महिना शिकवलेला नसतो. पण स्वतंत्र खोली? डोंबिवलीच्या वन-बीएचकेत सासू-सासरे आणि दोन मुलांसह राहणाऱ्या माणसाला ही अट लावली, तर पात्रता पगारावर नव्हे, बापाच्या फ्लॅटवर ठरते. आणि ज्याला रोजचा लोकलचा प्रवास चुकवण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तोच बाद होतो. खोलीमागचा हेतू काय, तर पगाराची संभाषणं कुणाच्या कानावर पडू नयेत आणि स्क्रीन कुणाला दिसू नये. मग तेच लिहा. जिथे हे शक्य नाही तिथे घराजवळच्या भाड्याच्या टेबलाचा खर्च कंपनी देईल किंवा त्या कामापुरतं ऑफिसात यावं लागेल.

त्याहून मोठी चूक म्हणजे पात्रता हुद्द्याला चिकटवणं. मॅनेजर आणि वर घरून, बाकी ऑफिसात. हा मान झाला, नियम झाला नाही. पात्रता माणसाची नसते, कामाची असते. आम्ही पगार काढण्याचं काम टप्प्यांत तोडलं. कारखान्यांकडून हजेरी गोळा करणं आणि तिच्यातल्या चुका काढणं घरून होतं. हिशेब कंपनीच्या यंत्रावर असेल तर घरून होतो. बँकेत पगाराची फाइल चढवणं हे दोन माणसांचं काम, एक भरतो आणि दुसरा तपासून मंजुरी देतो, आणि ते दोघे निदान एकमेकांना दिसले पाहिजेत. डिजिटल सहीचा टोकन, तो पेन ड्राइव्हसारखा दिसणारा तुकडा, ऑफिसच्या कपाटाबाहेर जाताच कामा नये. या कंपनीत तो कुरिअरने फिरत होता, पासवर्डची चिठ्ठी त्याच पाकिटात. मग तारखा आल्या. महिन्याच्या २५ पासून पुढच्या ७ पर्यंत पगार आणि टीडीएसची घाई, १५ ला पीएफ. तेव्हा घरून कामाचे दिवस आठवड्याचे न मोजता महिन्याचे मोजले, ८ ते २४ मोकळे आणि उरलेल्या दिवसांत बँकेच्या टप्प्यावरची माणसं ऑफिसात. आठवड्यातून तीन दिवस या हे सगळ्या जगाचं सूत्र पगारवाल्यांना कशाला?

वेळेबद्दल दोन्ही बाजू हटवादी होतात. मालकाला वाटतं घरी माणूस कमी काम करतो. म्हणून दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर बसवतो. त्याचं काय होतं ते २०२४ मध्ये अमेरिकेत दिसलं. वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं, कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केला म्हणून. माउस हलतो का हे मोजलं की लोक माउस हलवायचं यंत्र आणतात. पण मालकाची शंका निव्वळ वहीम नाही, हेही मान्य करू. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, ते घडलं होतंच. फक्त त्याला उत्तर कामाच्या टप्प्यांवरच्या तारखा हे आहे. अमुक कारखान्याची हजेरी २६ ला दुपारपर्यंत तपासून झाली की नाही, हे कॅमेऱ्याशिवाय कळतं.

उलट बाजूला, सीट्रिपच्या आकड्यांतच दिसलं की घरी माणूस जास्त वेळ बसतो. याचंही उदाहरण मुंबईच्या गिरण्यांत आहे. जोवर काम उजेडावर चालत होतं तोवर सूर्यच भोंगा वाजवत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस तेरा-चौदा तासांचा झाला. कुणी नियम बदलला नव्हता, फक्त एक नैसर्गिक अडसर निघाला होता. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा येईपर्यंत तो अडसर कुणी परत घातला नाही. आठवड्याची रविवारची सुट्टीसुद्धा १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली, आपोआप कुणी दिली नाही. लॅपटॉपने शेवटची लोकल हा अडसर काढून टाकला. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आणि पाच तास सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर हे तास कोण मोजतं? कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा कंपनीच्या कागदालाच ते काम करावं लागतं.

आम्ही लिहिलं: ११ ते ४ सगळे हजर, बाकीचे तास सकाळी ८ ते रात्री ८ या दरम्यान ज्याच्या सोयीने. आठनंतर निरोप पाठवायला बंदी नाही, पण उत्तराची अपेक्षा दुसऱ्या दिवशी अकराची. घाईच्या दिवसांत रात्री कोण उपलब्ध असेल त्यांची नावं आधी लावायची आणि तेवढे तास पुढच्या आठवड्यात परत द्यायचे. वीज गेली तर पहिले दोन तास कामाचे धरायचे. पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे धोरण लिहिणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

आणि घरून काम बंद करायचं असेल तर तीस दिवसांची लेखी सूचना. अकरा पानांच्या जुन्या धोरणात ती एका ओळीतही नव्हती, जरी पुण्यातलं भाड्याचं घर सोडून सांगलीला गेलेल्या माणसाला सोमवारपासून या म्हणणं म्हणजे काढून टाकण्याचाच सभ्य प्रकार असतो.

एक गाठ मात्र सुटलेली नाही आणि ती माझ्याच मसुद्याने घातलेली आहे. सांगलीच्या बाई आता कंपनीच्या लॅपटॉपवर काम करतात. पण बँकेचा टप्पा ऑफिसात ठेवल्यामुळे तो त्यांच्याकडून गेला, आणि या कंपनीत वरच्या पदाला तोच माणूस जातो ज्याने दोन वर्षं बँकेचा टप्पा सांभाळला आहे. शांघायमध्ये बढत्या का कमी झाल्या ते मला आता जरा जास्त कळतं. महिन्यातून तीन दिवस कंपनीच्या खर्चाने त्यांना पुण्यात बोलवावं असा एक प्रस्ताव आहे. बढतीची अटच बदलावी असा दुसरा. मालकांना पहिला महाग वाटतो, जुन्या कर्मचाऱ्यांना दुसरा अन्याय वाटतो, आणि बाईंनी परवा विचारलं की त्या तीन दिवसांत मुलीला कुणाकडे ठेवायचं.